एक किंमत, तीन वचने

यंत्र, त्याची तीन वर्षांची देखभाल आणि ते चालवण्याचे प्रशिक्षण या तिन्ही गोष्टी एकाच रकमेत विकल्या जातात, तेव्हा त्या रकमेतला किती भाग कशासाठी आहे हे ठरवल्याशिवाय विक्रेत्याची त्या वर्षाची विक्री किती झाली, हे सांगता येत नाही. यंत्र एका दिवसात ग्राहकाच्या ताब्यात जाते, प्रशिक्षण आठवड्याभरात संपते, देखभाल मात्र तीन वर्षे चालू राहते. पैसे कधी आले किंवा बिल कधी फाडले यावर विक्री मोजली जात नाही. दिलेले वचन ज्या दिवशी पुरे झाले, त्या दिवशी त्या वचनाच्या वाट्याची रक्कम विक्री म्हणून धरली जाते. म्हणून आधी वाटे पाडावे लागतात.

हे वाटे पाडण्याची रीत २०१४ साली आलेल्या ‘आयएफआरएस १५’ या आंतरराष्ट्रीय लेखा मानकात सांगितली आहे. भारतात तेच नियम ‘इंड एएस ११५’ या नावाने १ एप्रिल २०१८ पासून लागू झाले. शेअर बाजारात नोंदलेल्या आणि नक्त मूल्य २५० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक असलेल्या कंपन्या सर्वसाधारणपणे त्याखाली येतात. लहान कंपन्या अजून जुन्या ‘एएस ९’प्रमाणे हिशेब ठेवतात आणि त्यात अशा वाटणीची सविस्तर रीत नाही. रीतीचे सूत्र एका वाक्यात मावते: प्रत्येक गोष्ट सुटी विकली असती तर तिला जी किंमत आली असती, त्या किमतींच्या प्रमाणात एकूण रक्कम वाटायची. त्रैराशिक शाळेतले आहे. अवघड आहे ते सुट्या किमती प्रामाणिकपणे ठरवणे.

पुण्याजवळ भोसरीत सीएनसी मशीन बनवणारी एक मोठी कंपनी आहे, असे धरावे. कोल्हापूरच्या एका सुट्या भागांच्या कारखान्याशी तिचा करार होतो: एक मशीन, कामगारांना पाच दिवसांचे प्रशिक्षण आणि तीन वर्षांची एएमसी, मिळून ४५ लाख रुपये. जीएसटी वेगळा. तो सरकारच्या वतीने गोळा केलेला पैसा असल्याने वाटणीत येतच नाही. बिलावर विक्री विभागाने लिहिले आहे: मशीन ४२ लाख, एएमसी ३ लाख, प्रशिक्षण मोफत. हे आकडे ग्राहकाला खूश करण्यासाठी किंवा त्याच्या बँकेच्या कर्जमंजुरीत बसावेत म्हणून लिहिलेले असू शकतात. वाटणीसाठी ते प्रमाण मानता येत नाहीत. ‘मोफत’ या शब्दालाही हिशेबात जागा नाही, कारण प्रशिक्षणाचे वचन करारात आहे आणि त्याचे पैसे ४५ लाखांतूनच आले आहेत.

पहिली पायरी म्हणजे करारात वचने नेमकी किती आहेत ते पाहणे. कसोटीला दोन बाजू आहेत. ती गोष्ट ग्राहकाला एकटी, किंवा सहज मिळणाऱ्या दुसऱ्या गोष्टींच्या जोडीने, उपयोगी पडते का? आणि करारातील बाकीच्या गोष्टींपासून ती वेगळी काढता येते का? एएमसी नसली तरी मशीन चालते, आणि देखभाल करणारे दुसरे तंत्रज्ञही मिळतात. प्रशिक्षणाचेही तसेच. त्यामुळे ही तीन वेगळी वचने झाली. याउलट मशीन ग्राहकाच्या उत्पादन साखळीत बसवण्यासाठी त्याची रचनाच बदलावी लागणार असेल, तर मशीन आणि ते बदलाचे काम एकमेकांत इतके गुंततात की दोन्ही मिळून एकच वचन होते. पहिल्या वर्षात कारखान्यातला दोष निघाल्यास दुरुस्ती फुकट करून देण्याची नेहमीची वॉरंटी हे वेगळे वचन नाही. माल ठरल्याप्रमाणे आहे एवढीच ती हमी असते. तिच्यासाठी विक्रीतला वाटा बाजूला काढला जात नाही, अपेक्षित खर्चाची तरतूद केली जाते. एएमसीमध्ये ठरावीक मुदतीने तपासणी, तेल आणि फिल्टर बदलणे, अचूकता जुळवून देणे अशी कामे असतात. ती सेवा आहे, म्हणून तिचा वाटा निघतो.

आता सुट्या किमती. मानक याला स्वतंत्र विक्री किंमत म्हणते आणि ती करार होतो त्या दिवशीची धरते. सर्वांत चांगला पुरावा म्हणजे कंपनी तीच गोष्ट तशाच परिस्थितीत, तशाच ग्राहकाला सुटी विकताना प्रत्यक्ष घेत असलेली किंमत. ‘तशाच’ या शब्दाला येथे वजन आहे. शंभर मशीन घेणाऱ्या वाहन कंपनीला मिळणारा भाव एक मशीन घेणाऱ्या कारखान्याला लावता येत नाही. म्हणून कंपन्या ग्राहकांचे गट पाडतात आणि प्रत्येक गटासाठी किंमत वेगळी ठरवतात.

भोसरीच्या कंपनीच्या दरपत्रकावर या मशीनची किंमत ४६ लाख आहे. पण एएमसी न घेता मशीन घेतलेल्या लहान ग्राहकांची गेल्या वर्षातली बिले काढली, तर बहुतेक सौदे ३८ ते ४२ लाखांत झालेले दिसतात. ४६ लाखांना मशीन घेतलेला माणूस शोधूनही सापडत नाही. सुटी किंमत म्हणून येथे ४० लाख धरणे योग्य आहे. कोणीच न देणारी दरपत्रकाची किंमत वापरणे ही या कामातली सर्वांत नेहमीची चूक आहे, आणि ती निरुपद्रवी नाही. मशीनची किंमत फुगवली की मशीनचा वाटा वाढतो, आणि मशीनचा वाटा म्हणजे आजच धरली जाणारी विक्री.

एएमसीची किंमत काढताना वेगळा सापळा आहे. जुने ग्राहक दर वर्षी एएमसीचे नूतनीकरण करतात, त्यामुळे बिलांची कमतरता नाही. पण सात वर्षे चाललेल्या मशीनची देखभाल नव्या मशीनपेक्षा महाग पडते. तिचा दर नव्या मशीनला लावला तर एएमसीचा वाटा फुगेल. नवे मशीन आधी नुसते घेतले आणि एएमसी नंतर वेगळी घेतली, अशा ग्राहकांची बिले पाहणे बरोबर. त्यावरून वर्षाला २.५ लाख, म्हणजे तीन वर्षांचे ७.५ लाख निघतात.

प्रशिक्षण कंपनी सुटे विकतच नाही. येथे अंदाज करावा लागतो, आणि मानकाने त्यासाठी दोन मुख्य वाटा दाखवल्या आहेत. एक, बाजारात त्या सेवेला ग्राहक किती देईल ते पाहणे, त्यात स्पर्धकांचे दरही आले. दुसरी, अपेक्षित खर्चात रास्त नफा मिळवणे. दोन प्रशिक्षकांचे पाच दिवस, प्रवास आणि मुक्काम, सरावासाठी लागणारे लोखंड आणि हत्यारे यांचा खर्च २ लाख येतो. अशा कामावर २५ टक्के नफा मिळण्यासारखा असेल, तर किंमत २.५ लाख. एखादी खासगी संस्था असेच प्रशिक्षण जवळपास त्याच दराने देत असेल तर अंदाजाला आधार मिळतो. ती ते एक लाखात देत असेल तर मात्र आपला खर्च हीच किंमत समजून चालणार नाही, पुन्हा विचार करावा लागेल.

सुट्या किमतींची बेरीज ५० लाख झाली: मशीन ४०, एएमसी ७.५, प्रशिक्षण २.५. म्हणजे प्रमाण ८०, १५ आणि ५ टक्के. करार ४५ लाखांचा, तेव्हा मशीनच्या वाट्याला ३६ लाख, एएमसीच्या वाट्याला ६ लाख ७५ हजार आणि प्रशिक्षणाच्या वाट्याला २ लाख २५ हजार. पाच लाखांची सूट तिघांनीही आपापल्या प्रमाणात सोसली. दरपत्रकातले ४६ लाख घेतले असते तर मशीनचा वाटा सुमारे ३६ लाख ९६ हजार झाला असता. एका करारात ९६ हजारांचा फरक किरकोळ वाटतो, शंभर करारांत तो ९६ लाख होतो.

मशीन फेब्रुवारीत कोल्हापूरला पोहोचले, प्रशिक्षण त्याच महिन्यात संपले, एएमसी १ मार्चला सुरू झाली आणि ग्राहकाने सगळे पैसे मार्चअखेरीस दिले, असे समजावे. ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षात विक्री धरायची ती मशीनचे ३६ लाख, प्रशिक्षणाचे २ लाख २५ हजार आणि एएमसीच्या ३६ महिन्यांपैकी एका महिन्याचे १८ हजार ७५० रुपये. एकूण ३८ लाख ४३ हजार ७५०. हातात ४५ लाख आलेले असले तरी उरलेले ६ लाख ५६ हजार २५० ताळेबंदात देण्याच्या बाजूला, करारापोटीचे दायित्व म्हणून बसतात. ते पुढच्या ३५ महिन्यांत दरमहा १८ हजार ७५० प्रमाणे विक्रीत येतात. बिलातल्या आकड्यांप्रमाणे हिशेब केला असता तर मशीनचे ४२ लाख आणि एएमसीच्या एका महिन्याचे सुमारे ८ हजार त्याच वर्षी विक्रीत गेले असते. पुढची तीन वर्षे तंत्रज्ञ पाठवण्याचा खर्च होत राहिला असता, पण त्याला जोड देणारे उत्पन्न जेमतेम उरले असते. जीएसटीच्या आकारणीवर मात्र या वाटणीचा परिणाम होत नाही, ती आपल्या कायद्याने चालते.

सूट नेहमी सगळ्यांवर सारखीच पडते असे नाही. समजा, जुने मशीन असलेल्या ग्राहकांना हीच कंपनी एएमसी आणि प्रशिक्षण मिळून १० लाखांऐवजी ५ लाखांत नेहमीच देते, प्रशिक्षण सुटेही विकते आणि मशीन सुटे ४० लाखांनाच जाते. मग ४५ लाखांच्या करारातली पाच लाखांची सूट मशीनवरची नसून सेवांच्या जोडीवरची आहे, हे दिसते. अशा वेळी सगळी सूट त्या दोघांवर टाकतात: मशीन ४० लाख, एएमसी ३ लाख ७५ हजार, प्रशिक्षण १ लाख २५ हजार. यासाठी तीन गोष्टी एकदम सिद्ध व्हाव्या लागतात. प्रत्येक गोष्ट नेहमी सुटी विकली जाते, ती जोडीही नेहमी सवलतीत विकली जाते, आणि जोडीवरची सूट करारातल्या सुटीशी जवळपास जुळते. या अपवादाचा मोह मोठा आहे, कारण त्याने मशीनची चार लाखांची विक्री लगेच पुढे येते. म्हणूनच ‘आमचे विक्री प्रतिनिधी एएमसीवरच सवलत देतात’ एवढे तोंडी सांगणे पुरत नाही. बिले दाखवावी लागतात.

दुसरी एक पळवाट वजाबाकीची आहे. ज्यांच्या किमती माहीत आहेत त्या एकूण रकमेतून वजा करायच्या आणि उरेल ती राहिलेल्या गोष्टीची किंमत धरायची. मानक ही रीत दोनच प्रसंगी मान्य करते. एकच गोष्ट वेगवेगळ्या ग्राहकांना इतक्या वेगवेगळ्या दराने जाते की त्यातून एक किंमत निघतच नाही, तेव्हा. सॉफ्टवेअरचे परवाने असे विकले जातात, एकाला ५ लाख, तर दुसऱ्याला ४० लाख. किंवा ती गोष्ट अजून कधी सुटी विकलेलीच नाही आणि तिचा भावही ठरलेला नाही, तेव्हा. वजाबाकीनंतर शून्य किंवा नगण्य रक्कम उरली तर पद्धतच चुकली आहे असे समजून मागे फिरावे. ज्या वस्तूला ग्राहकाच्या लेखी मोल आहे, ती फुकट निघू शकत नाही.

अंदाज मान्य करणे किती मोठा फरक घडवते, हे ॲपलच्या पुस्तकांत दिसले. आयफोन घेणाऱ्याला पुढे येणाऱ्या सॉफ्टवेअर सुधारणा मोफत मिळणार होत्या, पण त्या सुधारणा सुट्या विकल्या जात नसल्याने त्यांची किंमत जुन्या अमेरिकी नियमांना हवी तशी सिद्ध करता येत नव्हती. परिणामी फोनची संपूर्ण किंमत २४ महिन्यांवर पसरून विक्रीत धरली जाई. ऑक्टोबर २००९ मध्ये नियम बदलले आणि पुरावा नसेल तेथे अंदाजित किंमत वापरायला परवानगी मिळाली. ॲपलने आयफोनमागे सुधारणांच्या हक्काची किंमत २५ डॉलर अशी अंदाजली, तेवढीच पुढे ढकलली आणि बाकीची फोन विकल्याबरोबर धरली. जानेवारी २०१० मध्ये तिने सुधारलेले हिशेब दिले, तेव्हा २००९ या आर्थिक वर्षाची विक्री सुमारे ३६.५ अब्ज डॉलरवरून ४२.९ अब्ज डॉलरवर गेली. फोन तेवढेच विकले होते, पैसेही तेवढेच आले होते.

उलट्या टोकाचे उदाहरण झेरॉक्सचे आहे, आणि ते जास्त शिकवणारे आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात झेरॉक्स आपली कॉपी यंत्रे बहुतांशी भाडेकराराने देत असे. ग्राहक महिन्याला एकच रक्कम भरी आणि तिच्यात यंत्र, त्याची देखभाल आणि पैशांवरचे व्याज, सगळे आलेले असे. यंत्राचा वाटा करार सुरू होताच विक्रीत जाई, देखभाल आणि व्याज वर्षानुवर्षे थोडे थोडे. अमेरिकेच्या रोखे आयोगाने एप्रिल २००२ मध्ये दाखल केलेल्या तक्रारीत म्हटले होते की, १९९७ ते २००० या काळात कंपनीने गृहीतके बदलून व्याजाचा आणि देखभालीचा वाटा यंत्राकडे सरकवला. वित्तपुरवठ्याच्या धंद्यावर अमुक एक परतावा पुरेसा आहे असे आधीच ठरवायचे आणि त्यापेक्षा जास्तीची रक्कम यंत्राची मानायची, ही एक रीत. देखभालीवरचा नफा ठरावीक पातळीवर आणून बाकीचा यंत्राच्या खात्यात टाकायचा, ही दुसरी. करारांत काही बदलले नव्हते, यंत्रेही जास्त विकली गेली नव्हती. आरोप मान्य किंवा अमान्य न करता कंपनीने एक कोटी डॉलर दंड भरला आणि त्या वर्षांचे हिशेब नव्याने मांडले. त्या वेळी आजचे मानक नव्हते. आता भाडेकराराने यंत्र आणि सेवा एकत्र देणाऱ्यालाही आपली वाटणी याच सुट्या किमतींच्या नियमांनी करावी लागते. झेरॉक्सच्या रीतींचा दोष त्यावरून स्पष्ट होतो: किती नफा हवा ते आधी ठरले आणि किंमत त्यावरून मागे काढली गेली, तर ती ग्राहकाने सुट्या गोष्टीसाठी दिली असती ती किंमत राहत नाही.

एकदा झालेली वाटणी पुढे बदलायची का, हा प्रश्न करार चालू असताना येतोच. दुसऱ्या वर्षी एएमसीचा बाजारभाव ३ लाखांवर गेला तरी या करारातले ८०, १५, ५ हे प्रमाण तसेच राहते, कारण ते कराराच्या दिवसाचे आहे. एकूण किंमतच बदलली तर गोष्ट वेगळी. समजा काही कारणाने ग्राहकाला एक लाख परत द्यावे लागले. तेही त्याच प्रमाणात वाटतात: मशीनचे ८० हजार, एएमसीचे १५ हजार, प्रशिक्षणाचे ५ हजार. जी वचने पुरी झाली आहेत त्यांच्या वाट्याची घट ज्या वर्षी बदल झाला त्याच वर्षीच्या विक्रीतून कमी होते, मागचे हिशेब उघडले जात नाहीत. कपात फक्त मशीन उशिरा पोहोचल्याबद्दलची असेल आणि ती सगळी मशीनवर टाकूनही वाटणी रास्त राहत असेल, तर ती एकट्या मशीनवर जाते.

वाटणी बिनसली आहे का, हे बाहेरूनही तपासता येते. वर्षाच्या शेवटच्या महिन्यात ‘एएमसी मोफत’चे करार एकदम वाढणे ही पहिली खूण. मशीनवरचा नफा सतत वाढत असताना देखभाल विभाग दर वर्षी तोट्यात जाणे, ही दुसरी आणि अधिक बोलकी, कारण देखभालीचे उत्पन्न आधीच मशीनच्या नावावर खर्ची पडलेले असते. तिसरी तपासणी साध्या गुणाकाराची आहे. एएमसीखाली ४० मशीन आहेत, सगळ्यांचे पैसे आगाऊ आले आहेत आणि सरासरी २० महिने बाकी आहेत, असे धरावे. दरमहा १८ हजार ७५० प्रमाणे करारापोटीचे दायित्व सुमारे दीड कोटी असायला हवे. ताळेबंदात ते ६० लाखच दिसले, तर ऑडिटर एएमसीच्या सुट्या किमतीची फाइल मागवतो आणि तिच्यातली बिले कोणत्या ग्राहकांची, कोणत्या वयाच्या मशीनची आणि कोणत्या वर्षाची आहेत, हे एकेक करून पाहतो.